फोटो क्रमांक १७ मधली सात माणसं: सेवापूर्तीच्या स्लाइड शोच्या फोटोओळींचं एक प्रकरण

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोपांचा दिवस. शाळेत नाव घालताना जन्मतारीख नक्की ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे एका पिढीच्या कितीतरी जणांच्या सेवापुस्तकात तीच तारीख आहे. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. इथे मांडलेलं प्रकरण नाशिकमधल्या पाटबंधाऱ्यांच्या एका उपविभागातलं आहे. निवृत्त होणारे गृहस्थ कालवा निरीक्षक. सगळं कार्यालय त्यांना आप्पा म्हणतं. माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. जी आडनावं येतील ती फक्त लेखनातला फरक दाखवण्यापुरती आहेत.

कार्यक्रमात ४८ फोटो दाखवायचे ठरले होते, प्रत्येकी ८ सेकंद, म्हणजे साधारण साडेसहा मिनिटं. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. आप्पांखेरीज या फोटोंत ओळखू येतील अशी ३४ माणसं होती: ३० हयात, ४ दिवंगत. तीस जणांपैकी काही त्याच कार्यालयात, काही बदली होऊन मालेगाव, अहिल्यानगरकडे गेलेले आणि ११ जण निवृत्त. काम दोघांकडे होतं, एक वरिष्ठ लिपिक बाई आणि एक तरुण शाखा अभियंता. हाताशी तीन आठवडे होते. मे महिना लग्नांचा आणि रजांचा असल्यामुळे हे तीन आठवडे दिसतात त्याहून लहान असतात.

पहिला मसुदा एका दुपारी तयार झाला. अभियंत्यांनी पगारपत्रकातून नावं घेतली, जुन्या लोकांची आठवणीने लिहिली, आणि प्रत्येक फोटोखाली एक हसरी ओळ टाकली. मसुदा वाचायला छान होता. बाईंनी त्यावर एकच प्रश्न विचारला: यातल्या किती जणांनी आपलं नाव असं लिहिलेलं पाहिलंय? उत्तर होतं, कुणीच नाही. पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं.

पगारपत्रकातलं नाव आणि माणसाचं नाव

पगारपत्रकाची यादी रोमन लिपीत होती. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड एकाच अक्षरावर येतात. यादीत Kale असेल तर ते काळे की काले, हे यादी सांगत नाही. Mule म्हणजे मुळे की मुले, Thete म्हणजे थेटे की ठेटे, Gite म्हणजे गिते की गीते, तेही नाही. टंकलेखन करणारा आपल्या ओळखीचं रूप घेतो आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. म्हणूनच उरलेली चूक कुणाच्या नजरेला येत नाही. सोनवणे आणि सोनावणे ही दोन्ही रूपं नाशिक जिल्ह्यात सापडतात. आहेर आणि अहेर यांचंही तसंच. दोन्हींपैकी कोणतं बरोबर, हे व्याकरण ठरवत नाही. ज्याचं नाव आहे तोच ठरवतो.

शुद्धलेखनाच्या जाणकाराचा मोह इथे आवरावा लागतो. एका निवृत्त मोजणीदारांनी आपलं आडनाव ‘सुर्यवंशी’ असं ऱ्हस्व सु देऊन लिहून पाठवलं. नियम सांगतो सूर्यवंशी. पण त्यांच्या घरावरची पाटी, मुलांचे दाखले, सगळीकडे ऱ्हस्वच आहे. बाईंनी फोन करून विचारलं, “काका, सु पहिला ठेवायचा ना?” ते म्हणाले, “पहिलाच. आमचं तसंच चालत आलंय.” ओळीत ऱ्हस्व गेला आणि तक्त्यात त्यापुढे ‘मुद्दाम असंच’ अशी टीप पडली. ती टीप नसती तर शेवटची मुद्रितं तपासणाऱ्याने नक्कीच ‘दुरुस्ती’ केली असती.

दुसरा प्रश्न वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा. सरकारी कागदावर नाव तीन पदरी असतं, पडद्यावर तेवढी जागा नसते. मग कापायचं काय? चार बायकांनी चार वेगळी उत्तरं दिली. एकींना माहेरचं आडनाव हवं होतं, कारण तो फोटो लग्नाआधीचा होता आणि तेव्हाचे सहकारी त्यांना त्याच नावाने ओळखत. एकींना दोन्ही आडनावं हवी होती. दोघींना फक्त नाव आणि सासरचं आडनाव पुरे होतं. कागदावर बघून यातलं काहीही कळलं नसतं.

टोपणनावांचं काय, तर तेही विचारूनच. अण्णा, नाना, बापू, तात्या ही नावं आपल्याकडे आदराचीच, पण ती कोण कोणाला म्हणतं यावर सगळं अवलंबून असतं. एका चौकीदारांना कार्यालयात सगळे ज्या नावाने हाक मारत ते नाव त्यांना पडद्यावर नको होतं. नातवंडं समोर बसणार होती. तीस वर्षं हाकेला ओ दिली म्हणून ते नाव छापायला चालतं, असं होत नाही.

श्री., सौ., कै. आणि त्यांच्याऐवजी काय

पहिल्या मसुद्यात पुरुषांना ‘श्री.’ आणि स्त्रियांना ‘सौ.’ होतं. ‘सौ.’ लिहिणं म्हणजे त्या स्त्रीचा पती हयात आहे असं सांगणं, आणि फोटो बारा वर्षांपूर्वीचा असताना तेवढं ठामपणे सांगता येत नाही. ‘श्रीमती’ घातलं तर आपल्याकडे अनेक जण त्याचा उलटा अर्थ घेतात. दोन्हींनी एखादीचं मन दुखावू शकतं. इथे घेतलेला निर्णय सरळ होता: ४८ ओळींत कुणालाही उपाधी नाही, साहेबांनाही नाही. नाव आणि आडनाव, आणि गरज असेल तिथे त्या वेळचं पद. ‘त्या वेळचं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण २००३ च्या फोटोतला कनिष्ठ लिपिक आज कार्यालय अधीक्षक असू शकतो. दोघांना जुनं पद लिहिलेलं आवडलं. एकांनी पद काढायला सांगितलं आणि ते काढलं.

दिवंगत सहकाऱ्यांपुढे मसुद्यात सरसकट ‘कै.’ होतं. चौघांच्या घरी बाईंनी स्वतः फोन केले. एका बौद्ध कुटुंबाने ‘कालकथित’ लिहा असं सांगितलं. एका मुस्लीम सहकाऱ्याच्या मुलाने ‘मरहूम’ चालेल म्हटलं, पण नुसतं नाव ठेवलं तर जास्त बरं वाटेल असंही तो म्हणाला. तिसऱ्या घरी ‘कै.’ हवं होतं. चौथ्या घरी पत्नीने विचारलं, “फोटोत ते हसतायत ना? मग पुढे काही लावू नका.” चार घरांचे चार शब्द पडद्यावर वेगवेगळे दिसतील, अशी शंका अभियंत्यांनी काढली. तशी एकसारखी रचना हवीच असेल तर ‘दिवंगत’ हा शब्द सगळ्यांना चालतो का हे विचारता येतं. इथे तसं केलं नाही, ज्या घराने जे सांगितलं ते लिहिलं. हे बरोबरच होतं. एकसारखेपणा ही लिहिणाऱ्याची सोय असते, आणि ती सोय या चार ओळींत कुणी पाहणार नव्हतं.

कोण कुठे उभं आहे

फोटो क्रमांक १७ मध्ये सात माणसं एका ओळीत गंगापूर धरणाच्या भिंतीवर उभी आहेत. ‘डावीकडून’ असं लिहिलं की ते पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा फोटो उलटा होता. जुन्या छापील फोटोचा फोनने फोटो काढताना तो पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला होता आणि डावं-उजवं बदललं होतं. मागे पाटी असती तर अक्षरं उलटी दिसली असती, पण पाटी नव्हती. ओळखायची खूण कपड्यांत सापडली: सातपैकी पाच जणांचा शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता. शर्टाला खिसा डावीकडे असतो. साडीत कुणी असेल तर पदर कोणत्या खांद्यावर आहे यावरूनही अंदाज येतो, मात्र साडी नेसायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे ती खूण एकटी पुरेशी नाही. फोटो सुलटा केला नसता तर सातही नावं बरोबर असून सहा माणसांना दुसऱ्याचं नाव मिळालं असतं. फक्त मधल्याचं तेवढं वाचलं असतं.

दुसरी गुंतागुंत तारखेची. गोदावरीच्या पुराच्या वेळचा, रात्रपाळीचा एक फोटो होता. मसुद्यात ‘पूर, २००८’ असं होतं. फाइलचं नाव मात्र IMG-20160803-WA0012.jpg होतं आणि नाशिकला मोठा पूर ऑगस्ट २०१६ मध्येही आला होता. व्हॉट्सॲपच्या फाइलनावातली तारीख फोटो त्या फोनवर कधी आला एवढंच सांगते, कधी काढला ते नाही. मूळ फाइलमधली तारखेची माहितीही व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना गळून जाते. म्हणजे २०१६ च्या पुरात कुणीतरी २००८ चा फोटो आठवण म्हणून पाठवलेला असू शकतो. निर्णय माणसांवरून लागला: उजवीकडे टॉर्च धरून उभे असलेले शाखा अभियंता २०११ मध्ये सेवेत आले. ओळीत २०१६ गेलं. अशी खूण मिळाली नसती तर वर्ष न लिहिता ‘पुराच्या रात्री, नियंत्रण कक्ष’ एवढंच लिहायचं ठरलं होतं. सिंहस्थाच्या दोन फोटोंना त्रास झाला नाही, कारण तो बारा वर्षांनी येतो. २००३ की २०१५, हे आप्पांच्या केसांवरूनही सांगता आलं असतं.

ओळ ठरवायची कशी

नाव पक्कं झालं म्हणजे ओळ पक्की झाली असं नाही. या दोन वेगळ्या संमती आहेत, आणि त्या वेगळ्या विचाराव्या लागतात. ‘तुमचा फोटो लावतोय, चालेल ना?’ असं विचारलं की माणूस ‘हो हो’ म्हणतो. फोटो कोणता, खाली काय लिहिलंय, हे त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येकाला फोटो आणि त्याखाली पडद्यावर दिसेल तशीच ओळ असं एकत्र चित्र पाठवलं. सोबतचा मजकूर असा होता:

“नमस्कार. ३१ मे रोजी आप्पांच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमात दाखवायच्या फोटोंपैकी क्र. २३ मध्ये आपण आहात. फोटो आणि खालची ओळ जशी दिसेल तशी पाठवत आहे. तीन गोष्टी कळवाव्यात: (१) आपलं नाव असंच लिहायचं का, अक्षर न् अक्षर? (२) ओळीतले शब्द चालतील का? बदल हवा असल्यास आपल्याच शब्दांत लिहून पाठवा. (३) हे फक्त सभागृहात दाखवायचं, की नंतर ग्रुपवर पाठवलं तरी चालेल? फोटोच नको असेल तर तसं सांगा, कारण विचारणार नाही. २० मेपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल. आप्पांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका.”

‘कारण विचारणार नाही’ हे वाक्य बाईंनी आग्रहाने घातलं. कार्यालयात कनिष्ठाला वरिष्ठाच्या कार्यक्रमाला नाही म्हणणं अवघड जातं आणि कारण द्यावं लागणार असेल तर तो होच म्हणतो.

क्रमांक २३ मधला फोटो जेवणाच्या सुट्टीतला. चार डबे उघडलेले, आप्पा आणि दुसऱ्या एक वरिष्ठ लिपिक बाई शेजारी. मसुद्यातली ओळ होती, ‘मॅडमच्या डब्यातली भाजी, सगळ्यांची हक्काची’. ओळीत वाईट काही नव्हतं. फोटोतल्या बाईंचं उत्तर नम्र होतं आणि स्पष्ट होतं. फोटो ठेवा, पण आप्पांबरोबर मी अकरा वर्षं पाणीपट्टीच्या थकबाकीचे हिशेब केले, तेवढं एक तरी यावं. ठरलेली ओळ अशी झाली: ‘पाणीपट्टीच्या वसुलीचा हिशेब मिटला, मग डबे उघडले.’ पहिल्या मसुद्यातल्या स्त्रियांच्या ओळी पुन्हा पाहिल्या तेव्हा सहापैकी चार ओळी डबा, चहा, तिळगूळ आणि ‘कार्यालयातली ताई’ यांवर होत्या. पुरुषांच्या ओळी धरण, पूर, आवर्तन यांवर होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. फोटोत जे दिसतं त्यावर ओळ लिहिली की असं होतं, कारण कामाच्या जागी बायकांचे फोटो बहुधा सणासुदीलाच काढले जातात. त्या चारही जणींना ‘या वर्षांत आप्पांबरोबर तुमच्याकडे काम काय होतं?’ असं विचारून ओळी नव्याने लिहिल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका निवृत्त वाहनचालकांच्या ओळीवर, आणि तो जायलाच हवा होता. त्यांना टाइप करणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला: “आप्पा रागवायचे लई. पण पाणी सुटायच्या रात्री गेटवर कुणी एकटं नसायचं. आप्पा असायचेच.” पडद्यावर दोन ओळींत बसावं म्हणून अभियंत्यांनी ते असं कापलं: ‘आप्पा रागवायचे, पण रात्री गेटवर असायचे.’ शब्द बहुतेक त्यांचेच होते, पण सांगणं त्यांचं राहिलं नव्हतं. मूळ बोलण्यात वजन ‘कुणी एकटं नसायचं’ यावर आहे. कापलेल्या वाक्यात ते आप्पांच्या रागावर गेलं, आणि तेही चालकांच्या नावाने, आप्पांच्या कुटुंबासमोर.

कापलेली ओळ चालकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “रागाचं राहू द्या बाजूला. एकटं नसायचं ते ठेवा.” मग ओळ झाली: ‘पाणी सुटायच्या रात्री गेटवर कुणी एकटं नसायचं. आप्पा असायचेच.’ शब्द कमी केले, पण जे उरले ते सगळे त्यांच्या तोंडचे आहेत आणि क्रमही त्यांचाच आहे. कापाकापीचा नियम यातून सहज निघतो. अवतरण म्हणून दाखवायचं असेल तर आख्खी वाक्यं काढता येतात, वाक्याच्या पोटातले शब्द नाहीत, आणि काढल्यावर पुन्हा विचारायचं. ‘लई’ हा शब्द राहिला असता तर तो ‘खूप’ करायचा का, हाही त्यांनाच विचारायचा प्रश्न होता. प्रमाण भाषेत बदलून टाकणं हाही बदलच आहे.

वणीच्या गडावर काढलेल्या फोटोखाली मसुद्यात पूर्ण तारीख होती. फोटोतल्या एकाने ती काढायला सांगितली. कारण सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. अशा प्रसंगी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तारीख, ठिकाण आणि नाव हे तिन्ही एकत्र आले की ती ओळ नोंद बनते. त्या दिवशी हजेरीपटावर काय होतं हे ओळ लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ‘सप्तशृंगगडावर’ एवढ्याने फोटोची सगळी गोडी शिल्लक राहिली.

उत्तर आलं नाही तेव्हा

२० मेपर्यंत तिसांपैकी २२ उत्तरं आली. आठवणीचा मेसेज आणि फोन यांनंतर आणखी ५. तिघांकडून काहीच नाही. एकांचा फोन बंद होता आणि दोघांनी मेसेज पाहिला पण उत्तर दिलं नाही. निळ्या खुणा म्हणजे होकार नाही, एवढं बाई आणि अभियंता दोघांनाही मान्य होतं.

तिघांपैकी एक जण फोटोत एकटेच आप्पांबरोबर होते. तो फोटो काढून दुसरा घेतला. दुसरे पंचवीस जणांच्या समूह छायाचित्रात होते. तिथे तसंही नावं नव्हती, ‘उपविभागातले सहकारी’ एवढंच होतं. अडचण तिसऱ्यांची, कारण ते क्रमांक १७ मधल्या सातांपैकी होते. सहा नावं लिहून एक गाळलं तर ते गाळलेलं सभागृहात सगळ्यांना दिसतं आणि का गाळलं याची कुजबुज होते. नाव टाकावं तर त्यांनी होकार दिलेला नाही. म्हणून सातही नावं काढली आणि ओळ झाली: ‘गंगापूर धरणाच्या भिंतीवर, आवर्तनाआधीची पाहणी.’ उरलेल्यांपैकी ज्यांनी नावासह ओळ मान्य केली होती त्यांना हे कळवलं, कारण त्यांनी मान्य केलेली ओळ आता बदलली होती. हा निर्णय काहींना जास्तच सावध वाटेल. पण सात जण मिळून उभे असलेल्या फोटोत एकाला अनोळखी ठेवण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र ठेवणं चांगलं.

दोन फोटोंत पाणीवापर संस्थेचे शेतकरीही होते. ते सहकारी नव्हते, तरी नियम तोच लावला. दोघांनी होकार देताना गावाचं नावही घालायला सांगितलं, आणि ते घातलं.

तक्ता आणि पडदा

सगळं एका तक्त्यात होतं. रकाने सात: फोटो क्रमांक, फाइलचं नाव, डावीकडून माणसं, पक्की ओळ, कुणी कधी मान्य केली, कुठे दाखवायची परवानगी, आणि टीप. ‘पक्की ओळ’ या रकान्यातला मजकूर कुणीही पुन्हा टाइप करायचा नाही, फक्त तिथून उचलून स्लाइडवर चिकटवायचा, हा एक नियम काटेकोर पाळला. नावं पक्की केल्यानंतरच्या चुका बहुतेक इथेच शिरतात, कुणीतरी स्लाइडवरच ‘थोडंसं’ सुधारतं तेव्हा. ओळीत एक अक्षर बदललं तरी मान्यतेचा रकाना रिकामा करायचा आणि पुन्हा विचारायचं.

कार्यालयातल्या जुन्या फाइलींमधून दोन ओळी घेतल्या होत्या, त्या स्लाइडवर आल्या तेव्हा निरर्थक चिन्हं उमटली. जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता. तिथे अक्षरं फक्त त्या फॉन्टपुरती मराठी दिसतात, आतून ती रोमन असतात. अशा ओळी युनिकोडमध्ये नव्याने टाइप कराव्या लागतात, आणि टाइप केल्या म्हणून पुन्हा तपासाव्या लागतात. दुसरी नेहमीची अडचण अर्ध्या र ची. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांत साधा र घेऊन हलन्त दिला तर रफार डोक्यावर चढतो आणि ‘गोर्हे’ असं उमटतं. त्यासाठी कळफलकावरचा ऱ (खाली टिंब असलेला र) घेऊन त्याला हलन्त द्यायचा आणि मग ह. हे नाव ज्याचं असतं त्याला ते लांबूनच दिसतं.

ओळींची लांबी जास्तीत जास्त दोन ओळी, साधारण बारा शब्द ठेवली. तपासायची पद्धत सोपी: ओळ शांतपणे दोनदा मोठ्याने वाचायची. आठ सेकंदांत दोनदा वाचून होत नसेल तर ती लांब आहे, कारण लोक आधी फोटो पाहतात आणि मग खाली येतात. चार-पाच नावं असलेल्या फोटोंना ८ ऐवजी १२ सेकंद दिले. अक्षरं ३२ पॉइंटची, गडद पट्टीवर पांढरी. पट्टी पडद्याच्या अगदी तळाशी ठेवली नाही, थोडी वर घेतली. सभागृहाची जमीन सपाट होती आणि मागच्या रांगेला पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो.

सभागृहातला लॅपटॉप वेगळा होता. तिथे तोच फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात किंवा ओळ तीन ओळींवर जाते. फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत करता येतो, पण त्याहून खात्रीचं म्हणजे सगळा स्लाइड शो व्हिडिओ म्हणून साठवून नेणं. मग अक्षरं चित्राचा भाग होतात. त्यात तोटा एकच, शेवटच्या क्षणी ओळ बदलता येत नाही. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर होतीच.

३० मे रोजी संध्याकाळी शेवटची तपासणी झाली. एकाने पडद्यावरची ओळ अक्षर फोडून मोठ्याने वाचायची (‘गीते, दुसरी वेलांटी’) आणि दुसऱ्याने तक्त्यात बोट ठेवून पाहायचं. वाचणारी व्यक्ती ओळी लिहिणारी नव्हती, आस्थापना शाखेतले एक लिपिक होते. ज्याने ओळ लिहिलेली असते त्याला ती पाठ असते आणि तो पडद्यावरचं न वाचता मनातलं वाचतो. एक चूक सापडली. दोन फोटोंचा क्रम बदलताना त्यांच्या ओळी जागच्या जागीच राहिल्या होत्या.

कार्यक्रमानंतर

३१ मेच्या रात्रीच कार्यालयाच्या ग्रुपवर मागणी सुरू झाली: व्हिडिओ टाका. इथे तक्त्यातला सहावा रकाना कामी आला. २७ होकारांपैकी ४ जणांनी ‘फक्त सभागृहात’ असं सांगितलं होतं आणि दिवंगतांपैकी एका कुटुंबानेही. सभागृहात बसलेले लोक ओळखीचे असतात. ग्रुपवर गेलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी कुठे असेल हे सांगता येत नाही. त्यामुळे व्हिडिओच्या दोन प्रती आधीच केल्या होत्या. पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर आप्पांच्या मुलीकडे दिली आणि ती पुढे पाठवू नये असं तिला समजावून सांगितलं. ग्रुपवर ४३ फोटोंची प्रत गेली.

आप्पांनी दोन दिवसांनी पूर्ण प्रत पाहून एक दुरुस्ती सांगितली. क्रमांक ९ मधली चौकी डाव्या कालव्यावरची नाही, उजव्या कालव्यावरची आहे. फोटोतल्या दोघांनीही डावा कालवा मान्य केला होता. तक्त्यात ती ओळ उघडली, त्या दोघांना फोन केला, दोघांनी आप्पांचं खरं म्हटलं, आणि नवी तारीख घालून ओळ पुन्हा पक्की केली.